१.८६ आले कोठून? एका सेवापुस्तकातील खोडलेल्या आकड्याची गोष्ट

आजच्या धाग्याची सुरुवात एका पानापासून करतो. माझे वडील १९९७ साली प्राथमिक शिक्षक म्हणून नोकरीस लागले. त्यांच्या सेवापुस्तकात सहाव्या वेतन आयोगाच्या वेतननिश्चितीचे जे पान आहे, त्यावर आधी १५,३४५ हा आकडा लिहिलेला आहे. त्यावर लाल शाईची आडवी रेघ असून शेजारी १०,२३० असे लिहून सही केलेली आहे. लहानपणी मला वाटे की कोणीतरी वडिलांचे पाच हजार रुपये कापले. पुढे इतिहासाचा विद्यार्थी झाल्यावर कागद कसा वाचावा हे थोडेफार कळू लागले, आणि उमगले की रेघ मारणाऱ्याचेच बरोबर होते. दोन्ही आकड्यांत गुणक एकच वापरला होता, १.८६. मात्र पहिल्या वेळी तो चुकीच्या रकमेला लावला गेला होता.

हा गुणक म्हणजेच फिटमेंट फॅक्टर. नवा वेतन आयोग नव्या वेतनश्रेणी ठरवतो तेव्हा जुन्या श्रेणीत काही वर्षे काढलेल्या माणसाला नव्या श्रेणीत कोणत्या पायरीवर बसवायचे, हा प्रश्न उभा राहतो. सर्वांनाच पहिल्या पायरीवर बसवले तर वीस वर्षांचा अनुभवी शिक्षक आणि कालचा उमेदवार एका रांगेत येतील. म्हणून जुन्या मूळ वेतनाला ठरावीक पटीने वाढवून येणारी रक्कम नव्या श्रेणीत शोधतात.

पण पटीची ही पद्धत फार जुनी नाही. १ जानेवारी १९९६ पासून लागू झालेल्या पाचव्या केंद्रीय आयोगापर्यंत हे काम गुणाकाराने नव्हे, बेरजेने होत असे. न्या. रत्नवेल पांडियन यांच्या आयोगाने जुन्या मूळ वेतनात त्यावरील महागाई भत्ता मिळवला, मधल्या काळात दिलेल्या दोन अंतरिम वाढी मिळवल्या आणि शेवटी मूळ वेतनाच्या वीस टक्के रक्कम खास वाढ म्हणून मिळवण्याची शिफारस केली. कर्मचारी संघटनांच्या दबावाखाली केंद्र सरकारने वीसचे चाळीस टक्के केले. या बेरजेचा एक गुण होता. कोणता पैसा जुना आणि कोणता नवा, हे ओळीओळीने दिसत असे. चाळीस टक्क्यांची शेवटची ओळ हीच खरी वाढ, बाकी सगळे आधीपासून खिशात येतच होते.

केंद्रीय शाळांतील प्राथमिक शिक्षकांचे उदाहरण घेऊ. त्यांची जुनी श्रेणी १२०० रुपयांपासून सुरू होई आणि वर्षाला ३० रुपयांची वाढ मिळे. १२०० मूळ वेतन, त्यावर १४८ टक्के दराने १७७६ महागाई भत्ता, पहिली अंतरिम वाढ १००, दुसरी दहा टक्क्यांची १२० आणि फिटमेंटचे ४८०, अशी बेरीज ३६७६ होते. पण शिक्षकांची नवी श्रेणी ४५०० पासून सुरू होत होती, म्हणजे बेरीज काहीही आली तरी ४५०० द्यावेच लागणार. आता १४७० मूळ वेतन असलेल्या, नऊ वेतनवाढी घेतलेल्या शिक्षकाची बेरीज करून पाहा. ती ४४८१ येते. म्हणजे तोही ४५०० वरच! दहा पायऱ्यांवरची माणसे एकाच पायरीवर गोळा झाली. याला प्रशासनाच्या भाषेत ‘बंचिंग’ म्हणतात, आणि ती सोडवण्यासाठी ज्येष्ठांना वेगळ्या जादा वेतनवाढी देण्याची तरतूद करावी लागली. श्रेणीचा तळ उचलला आणि फिटमेंट त्याच्या मागे राहिले, की ज्येष्ठतेचा असा चुरा होतो.

आता सहाव्या आयोगाकडे, म्हणजे त्या लाल रेघेकडे येऊ.

न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या आयोगाने मार्च २००८ मध्ये अहवाल दिला. अंमल मात्र १ जानेवारी २००६ पासून धरायचा होता. पाचव्या आयोगानंतरच्या दहा वर्षांत महागाई भत्ता वाढतच गेला होता, आणि मध्येच एक घटना घडली होती. केंद्राने १ एप्रिल २००४ पासून पन्नास टक्के महागाई भत्ता ‘महागाई वेतन’ या नावाने वेतनात विलीन केला. त्यानंतरचा महागाई भत्ता केवळ मूळ वेतनावर न देता मूळ वेतन अधिक महागाई वेतन यांच्या बेरजेवर दिला जाऊ लागला. १ जानेवारी २००६ रोजी हा नवा भत्ता २४ टक्के होता.

मग कर्मचाऱ्याच्या हातात एकूण महागाई किती टक्के पडत होती? पहिल्या विचारात उत्तर येते, ५० अधिक २४, म्हणजे ७४. आयोगाने फिटमेंटसाठी शिफारस केलेला गुणकही १.७४ हाच होता. पण प्रत्यक्ष पगारपत्रक वेगळे सांगत होते. शंभर रुपये मूळ वेतन असेल तर त्यावर पन्नास रुपये महागाई वेतन, म्हणजे झाले दीडशे. चोवीस टक्के या दीडशेवर, म्हणजे छत्तीस. एकूण १८६. विलीनीकरणामुळे टक्क्यावर टक्का चढला होता, म्हणून ७४ ऐवजी ८६ टक्के हाती पडत होते. १.७४ ने गुणले असते तर प्रत्येकाच्या जुन्या मूळ वेतनातील शंभरामागे बारा रुपये नव्या मूळ वेतनाच्या बाहेर राहिले असते. ऑगस्ट २००८ मध्ये अहवाल स्वीकारताना केंद्र सरकारने हा गुणक बदलून १.८६ केला.

माझ्या मते सहाव्या आयोगाच्या इतिहासातील हा सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महत्त्वाचा बदल आहे. वर्तमानपत्रांत थकबाकीच्या रकमांची चर्चा झाली, या बारा रुपयांची फारशी झाली नाही. पण थकबाकी एकदाच मिळते. मूळ वेतनातील फरक मात्र निवृत्तिवेतनापर्यंत सोबत चालतो.

वडिलांच्या पानावर ते कसे उतरले, पाहू. जानेवारी २००६ मध्ये त्यांची श्रेणी होती ४५००-१२५-७०००. म्हणजे ४५०० वर सुरुवात, वर्षाला १२५ ची वाढ आणि ७००० ही कमाल मर्यादा. १९९७ पासून आठ वेतनवाढी होऊन ते ५५०० वर पोचले होते. ५५०० ला १.८६ ने गुणले की १०,२३० येतात. ताळा करायचा असेल तर जुना पगार मांडा: ५५०० मूळ वेतन, २७५० महागाई वेतन आणि त्या दोहोंच्या बेरजेवर, म्हणजे ८२५० वर, २४ टक्क्यांनी १९८०. बेरीज पुन्हा १०,२३०. एक रुपयाही इकडेतिकडे नाही, कारण १.८६ म्हणजे जुन्या पगाराचेच दुसरे नाव आहे.

आणि खोडलेला आकडा? ज्याने तो लिहिला त्याने ५५०० ऐवजी ८२५० ला १.८६ ने गुणले होते. महागाई वेतन हे ‘वेतन’ आहे, तेव्हा ते मूळ वेतनात धरायचे, अशी त्याची समजूत झाली असावी. नावच तसे फसवे आहे. पण १.८६ या आकड्याच्या पोटात महागाई वेतन आधीच बसलेले आहे, त्यामुळे ते दोनदा मोजले गेले. अशी चूक ओळखण्याची खूण सोपी आहे: गुणाकाराचे उत्तर त्याच दिवशीच्या जुन्या एकूण पगाराशी, म्हणजे मूळ वेतन आणि महागाईच्या बेरजेशी जुळले पाहिजे. फार तर वरच्या दहाच्या पटीत पूर्णांक करण्यापुरता फरक पडेल.

यावर चाणाक्ष वाचक विचारील, गुणाकाराचे उत्तर जुन्या पगाराइतकेच असेल, तर वाढ झाली कुठे? वाढ होती ग्रेड पेमध्ये. जुन्या श्रेणीच्या कमाल रकमेच्या चाळीस टक्के इतका ग्रेड पे ठरवण्यात आला. ७००० चे चाळीस टक्के म्हणजे २८००. प्राथमिक शिक्षकाच्या पगारात दिसणारा २८०० हा आकडा असा आला. वडिलांचे नवे वेतन झाले १०,२३० अधिक २८००, म्हणजे १३,०३०. त्यांची खरी वाढ सुमारे सत्तावीस टक्के.

इथे एक गंमत आहे. २८०० ही रक्कम त्या श्रेणीतील सर्वांना सारखीच मिळाली. ज्याचे मूळ वेतन ४५०० होते, त्याचा जुना पगार ८३७० होता. त्याच्यासाठी २८०० म्हणजे तेहतीस टक्क्यांहून अधिक वाढ. जो ७००० वर पोचला होता, त्याचा जुना पगार १३,०२० होता. त्याला मिळाली साडेएकवीस टक्के. गुणक सर्वांना समान होता, पण त्या गुणकाने कोणालाच काही नवे दिले नाही. जे दिले ते ग्रेड पेने, आणि ते नव्यांना अधिक, जुन्यांना कमी. शिक्षक खोलीत ‘सहावा आयोग पोरांचा’ असे म्हणत, ते मी कानाने ऐकलेले आहे. त्यामागे हे गणित होते.

केंद्राचा गुणक महाराष्ट्रातील शिक्षकाला जसाच्या तसा कसा लागू झाला, हेही विचारायला हवे. गुणक ही काही सुटी वस्तू नाही. जुना महागाई भत्ता जितका, तितका गुणक. राज्याचा भत्ता केंद्राहून वेगळा असेल तर केंद्राचा गुणक तिथे लावताच येत नाही. महाराष्ट्रात ही समानता आपोआप आलेली नाही. केंद्राच्या दराने महागाई भत्ता मिळावा या मागणीसाठी राज्यातील सरकारी कर्मचारी, आणि त्यांच्यासोबत शिक्षक, १९७७-७८ च्या हिवाळ्यात चोपन्न दिवस संपावर होते. तो लढा भत्त्याचा म्हणून ओळखला जातो. पण २००९ साली राज्याने सुधारित वेतनाचे नियम काढताना १.८६ हा आकडा उचलला, त्यासाठी लागणारी जमीन त्या मागणीनेच तयार केली होती, असे मला वाटते.

सातव्या आयोगात चित्र उलटे झाले. न्या. ए. के. माथुर यांच्या आयोगाने ग्रेड पे रद्द केला आणि सारी वाढ गुणकातच भरली. तो गुणक म्हणजे २.५७. सर्वांत खालचे वेतन ७००० होते, ते १८,००० करायचे ठरले. १८,००० भागिले ७००० म्हणजे २.५७, इतके ते सरळ आहे. हा आकडा जाहीर झाला तेव्हा ‘पगार अडीच पट’ असे मथळे झळकले. पण १ जानेवारी २०१६ रोजी महागाई भत्ता १२५ टक्के होता, म्हणजे २.२५ पट आधीच हातात होते. २.५७ ला २.२५ ने भागले की खरी वाढ निघते, सव्वाचौदा टक्क्यांच्या आसपास. सहाव्यात १.८६ हा लहान दिसणारा गुणक सत्तावीस टक्के वाढीसोबत आला, आणि सातव्यात २.५७ हा मोठा गुणक तिच्या निम्म्यासोबत. दोन आयोगांच्या गुणकांची थेट तुलना का करता येत नाही, ते यावरून कळेल. आठव्या आयोगाचे नाना गुणक सध्या भ्रमणध्वनीवर फिरत आहेत. केंद्राचा महागाई भत्ता जुलै २०२५ पासून ५८ टक्के झाला. त्या दराने पाहिले तर १.५८ पर्यंतचा कोणताही गुणक म्हणजे शून्य वाढ, आणि नव्या आयोगाच्या अमलाच्या तारखेला भत्ता जितका अधिक असेल तितकी ही शून्याची रेषा वर सरकते.

सातव्या आयोगात गुणाकारानंतर आणखी एक पायरी असते. जुने मूळ वेतन, म्हणजे या वेळी ग्रेड पे धरून येणारी रक्कम, २.५७ ने गुणायची आणि मग वेतन मॅट्रिक्स नावाच्या तक्त्यात आपल्या स्तराच्या रकान्यात ती शोधायची. नेमकी रक्कम नसेल तर लगतची वरची. २८०० ग्रेड पेवाल्या शिक्षकाचा स्तर एस-१०, सुरुवात २९,२०० पासून, आणि प्रत्येक घर मागच्याहून सुमारे तीन टक्के मोठे. ४२०० ग्रेड पेचा स्तर एस-१३, सुरुवात ३५,४०० पासून.

आणि इथे शिक्षकाला एक निवड करायची होती, जिचे मोल पुष्कळांना वेळेवर कळले नाही. नियमांत विकल्पाची तरतूद होती. १ जानेवारी २०१६ पासूनच नव्या वेतनात जायचे, की पुढील वेतनवाढीच्या किंवा पदोन्नतीच्या तारखेपर्यंत जुन्यातच थांबायचे, हे ज्याचे त्याने लिहून द्यायचे. महाराष्ट्राची अधिसूचना निघाली ३० जानेवारी २०१९ रोजी. म्हणजे मधल्या तीन वर्षांत ज्यांना पदोन्नती मिळाली, त्या सर्वांपुढे हा प्रश्न होता.

समजा, एका शिक्षिकेचे जुने वेतन जानेवारी २०१६ मध्ये २८०० ग्रेड पे धरून १३,००० होते, आणि १ एप्रिल २०१६ रोजी त्यांना ४२०० ग्रेड पेच्या पदावर पदोन्नती मिळाली. पहिला मार्ग: जानेवारीपासूनच नवे वेतन घ्यायचे. १३,००० गुणिले २.५७ म्हणजे ३३,४१०. तक्त्यातील वरचे घर ३३,९००. एप्रिलमध्ये पदोन्नतीची एक वेतनवाढ मिळून ३४,९००, आणि मग एस-१३ मधील लगतचे वरचे घर, ३५,४००.

दुसरा मार्ग: एप्रिलपर्यंत जुन्यातच थांबायचे. पदोन्नती जुन्या नियमाने होईल. १३,००० वर तीन टक्क्यांची वाढ ३९०, शिवाय ग्रेड पेमधील फरक १४००. जुने वेतन झाले १४,७९०. आता त्याला २.५७ ने गुणा. ३८,०१० येतात, आणि एस-१३ मधील घर मिळते ३८,७००.

तेच पद, तीच तारीख, तीच व्यक्ती, आणि मूळ वेतनात दरमहा ३३०० रुपयांचा फरक. कारण एवढेच की, दुसऱ्या मार्गात ग्रेड पेची १४०० ची उडी आधी पदरात पडते आणि मग तिलाही गुणक लागतो. पहिल्या मार्गात ग्रेड पे उरलेलाच नसतो, पदोन्नती म्हणजे केवळ एक घर पुढे सरकणे. थांबण्याची किंमत काय? तीन महिने जुना पगार, म्हणजे महागाई भत्ता धरून २९,२५०. ३३,९०० च्या तुलनेत दरमहा ४६५० कमी, तीन महिन्यांचे १३,९५०. ते पाच महिन्यांत भरून निघतात. पदोन्नती २०१८ च्या अखेरीस असती तर सोडलेल्या थकबाकीची रक्कम मोठी झाली असती आणि हिशेब इतका सरळ राहिला नसता. सेवेची किती वर्षे उरली आहेत, यावर तो ठरला असता. विकल्प मुदतीत दिला नाही तर नियम धरून चालतो की तुम्ही पहिला मार्ग निवडला.

विकल्पाच्या त्या अर्जासोबत आणखी एक कागद द्यावा लागे: वेतननिश्चितीत चूक होऊन जास्त पैसे दिले गेल्याचे पुढे आढळले तर ते परत करीन, असे वचनपत्र. सही करताना त्याकडे कोणी फारसे पाहत नसे. वेतननिश्चितीची पडताळणी पुष्कळदा वर्षांनी होते, काहींची तर निवृत्तीच्या तोंडावर, आणि तेव्हा वसुलीचा कागद निघतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये रफीक मसीह प्रकरणात वर्ग तीन व चारच्या कर्मचाऱ्यांकडून, निवृत्तांकडून आणि वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून अशी वसुली करू नये, असे सांगितले. पाठोपाठ २०१६ मध्ये जगदेव सिंग प्रकरणात एका निवृत्त न्यायिक अधिकाऱ्याबाबत त्याच न्यायालयाने म्हटले की, ज्याने परताव्याचे वचनपत्र लिहून दिले होते त्याच्याकडून वसुली करता येईल. चूक करणारा वेगळा, सही करणारा वेगळा, आणि भरपाई सही करणाऱ्याने द्यायची.

वडिलांच्या पानावरील १५,३४५ वर रेघ पडली ती त्याच महिन्यात, पहिला पगार निघण्याआधी. ती पडली नसती तर दरमहा ५११५ रुपये जास्त मूळ वेतन त्यांच्या नावावर साचत गेले असते. त्यांच्या सेवापुस्तकात त्याच पानामागे टाचणीने लावलेले वचनपत्र अजून आहे. टाचणी गंजली आहे, सही स्पष्ट वाचता येते.